ताडपत्रीखालची झाकणं

बसवंत पाटील पत्र घेऊन स्वतः आला. टपालानं पाठवलं असतं तरी चाललं असतं, पण पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतून शहरातल्या चामराजपेटेपर्यंत स्कूटर हाकत तो आला आणि रूपश्रीच्या पुढच्या खोलीतल्या वेताच्या खुर्चीत बसला. खिशातून लिफाफा काढून त्यानं तिच्या हातात दिला आणि ती वाचत असताना तिच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत राहिला.

कारखान्याच्या लेटरहेडवर टाइप केलेली दोन पानं होती. रूपश्री मानेनं चार महिन्यांत आपल्या कारखान्याचं काय केलं, ते त्यानं त्यात सविस्तर लिहिलं होतं. ऑर्डर आल्यापासून माल गाडीत चढेपर्यंत आधी सेहेचाळीस दिवस लागत, आता अठरा लागतात. आधी दहातल्या चार ऑर्डरी वेळेवर जात, आता नऊ जातात. एकही नवं मशीन घेतलं नाही, एकही माणूस वाढवला नाही.

रूपश्रीला आनंद लपवता येईना. एका मोठ्या यंत्रकंपनीच्या नियोजन विभागात अकरा वर्षं काढून तिनं आठ महिन्यांपूर्वी नोकरी सोडली होती. छोट्या कारखान्यांत काम कुठं अडतं ते शोधून त्याची घडी बसवून द्यायची, हा तिचा नवा व्यवसाय. गिऱ्हाइकं अजून दोनच होती. आणि नेमकं याच महिन्यात लघुउद्योजकांच्या संघटनेनं स्वतःची वेबसाइट काढायचं ठरवलं होतं. १९९९ साल होतं ते, असली गोष्ट बहुतेकांनी फक्त ऐकलेली. त्या वेबसाइटवर सहा सल्लागारांना एकेक पान मिळणार होतं. मजकूर शुक्रवारपर्यंत फ्लॉपीवर द्यायचा होता. ‘गिऱ्हाइकाचा अनुभव असेल तर उत्तम,’ असं संघटनेनं कळवलं होतं.

“अक्का, जसंच्या तसं छापा,” बसवंत म्हणाला. तो मूळचा बेळगावकडचा, मराठी आणि कन्नड एकाच दमात बोलायचा. “माझं नाव मोठ्या अक्षरात आलं पाहिजे. फोटो पाहिजे तर तोपण देतो.”

तो गेल्यावर तिनं पत्र पुन्हा वाचलं आणि पहिल्या वाचनात आनंदाच्या भरात निसटलेल्या गोष्टी तिला दिसायला लागल्या. बसवंतनं काहीच हातचं राखलं नव्हतं. तो काय बनवतो ते होतं: इस्पितळात अवजारं निर्जंतुक करायच्या यंत्राची जाड पोलादी झाकणं. ती कोणासाठी बनवतो, त्या येलहंक्याच्या कंपनीचं नाव होतं. त्या कंपनीनं मार्चमध्ये ऑर्डर काढून घ्यायची धमकी दिली होती, हेही होतं. शिवाय उशिराचं खापर त्यानं एका ओतकाम करणाऱ्यावर फोडलं होतं, तेही नावासकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पीण्याला गेली. बसवंत कारखान्याच्या दारातच उभा होता. तिनं त्याच्याकडे येलहंक्याच्या कंपनीची खरेदी ऑर्डर मागितली. त्यानं फाइल काढून दिली. पुढच्या बाजूला माल आणि तारखा होत्या, त्या त्याला पाठ होत्या. तिनं कागद उलटला. मागच्या बाजूला बारीक अक्षरात सतरा अटी होत्या आणि त्यांतली अकरावी अशी होती की, पुरवठादारानं खरेदीदाराचं नाव किंवा या मालाचा उल्लेख कुठल्याही जाहिरातीत लेखी परवानगीशिवाय करू नये.

बसवंतनं ती दोनदा वाचली. मागची बाजू त्यानं आजवर वाचलीच नव्हती, असं त्यानं कबूल केलं. मग म्हणाला, कंपनीचं नाव खोडा, झाकणांचं खोडा, माझं नाव तेवढं ठेवा.

रूपश्रीनं त्याला विचारलं की, पीण्यात ‘बसवंत पाटील’ म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढं काय येतं. झाकणं म्हणजे बसवंत आणि बसवंतची झाकणं म्हणजे येलहंका, हे तिथल्या चहावाल्यालाही माहीत होतं.

“मग माझं काहीच नाही येणार?” त्यानं विचारलं.

“तुमचं काम येईल. तुम्ही येणार नाही,” ती म्हणाली. “आणि मी जे लिहीन ते आधी तुम्ही वाचायचं. तुमची सही झाल्याशिवाय एक ओळ पुढं जाणार नाही.”

तो हिरमुसला. पत्र त्यानं मनापासून लिहिलं होतं. परतताना बसमध्ये तिलाही ते लागून राहिलं.

संध्याकाळी ती श्रीधररावांकडे गेली. श्रीधरराव तिचे धाकटे काका, चार्टर्ड अकाउंटंट. त्यांच्या धंद्यात जाहिरात करायला आणि गिऱ्हाइकांची प्रशस्ती मिरवायला त्यांच्या संस्थेची सक्त मनाई होती. तीस वर्षांत त्यांनी दारावरच्या पाटीपलीकडं काही लावलं नव्हतं. रूपश्री त्या संस्थेची सभासद नव्हती, तिला असली आडकाठी नव्हती. काकांनी तिचं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले की, तुला अडवणारं कोणी नाही, म्हणून तुझं तूच बघायला हवं. गिऱ्हाईक खूश असलं की काहीही सांगायला परवानगी देतं. दिलेली परवानगी वापरायची की नाही, ते आपण ठरवायचं.

बुधवारी तिनं पहिला मसुदा लिहिला. नाव नाही, कंपनी नाही, झाकणं नाहीत. ओतकामवाल्याचा तर विषयच काढून टाकला, कारण तो आपली बाजू सांगायला तिथं नव्हता. एवढं करूनही मजकूर चांगला झाला होता. नेमकी अडचण कुठं होती ते त्यात होतं: सगळी कामं एकदम सुरू व्हायची आणि मोठे गोल भाग कातायच्या व्हर्टिकल टर्निंग मशीनसमोर येऊन रांगेत पडून राहायची.

तो मसुदा घेऊन ती कृष्णाजीमामांकडे गेली. कृष्णाजीमामांनी एस. पी. रोडवर तीस वर्षं धातू कापायची कटिंग टूल विकली होती आणि अर्ध्या पीण्याला ती पुरवली होती. दुकान मुलाकडं देऊन ते आता घरीच असत. मामी वारल्यापासून बोलायला कोणी मिळालं की त्यांना बरं वाटे. रूपश्रीनं त्यांना सांगितलं की, हा कारखाना कुठला ते ओळखा.

मामांनी चष्मा लावला. पाचव्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

“व्हर्टिकल टर्निंग. एवढं मोठं मशीन लहान कारखान्यांत तिघांकडंच आहे. एकजण गेल्या वर्षापासून आजारी आहे. दुसऱ्याला गर्दी होण्याइतकं कामच नाही.” त्यांनी कागद खाली ठेवला. “आपला बसवंत.”

अर्धा मिनिटही लागलं नव्हतं. रूपश्रीनं तिथल्या तिथं मसुदा फाडला. त्यावरूनच मामांना कळलं असावं, पण त्यांनी पुढं विचारलं नाही आणि कोणाला सांगितलंही नाही. नाव गाळणं म्हणजे ओळख लपवणं नव्हे, हे तिला त्या क्षणी कळलं. नवलाची गोष्ट म्हणजे तिला वाईट वाटण्याऐवजी हुरूप आला. हेही तिच्या नेहमीच्या कामासारखंच होतं. गळती कुठून होते, ते शोधायचं होतं.

घरी येऊन तिनं दुसरा मसुदा लिहिला. या खेपेस सगळंच काढलं. तो मसुदा घेऊन गुरुवारी सकाळी ती कोरमंगलात ध्रुव केळकरच्या ऑफिसात गेली. ध्रुव पुण्याहून दोन वर्षांपूर्वी आला होता, आणि संघटनेची वेबसाइट तोच बनवत होता. दोन खोल्या, तीन काँप्युटर, आणि फोन लागला की किरकिरणारा मोडेम. त्यानं मसुदा वाचला आणि पडद्याकडं बघतच म्हणाला, “मॅडम, रागावू नका, पण हे टूथपेस्टच्या अ‍ॅडसारखं वाटतंय. ‘एका समाधानी ग्राहकाला लक्षणीय सुधारणा आढळली.’ यात स्पेसिफिक काहीच नाहीये. उरलेले पाचजण पण हेच लिहून देणार.”

तो बरोबर होता. तिनं त्याच्याकडून कोरे कागद मागितले आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली. एका कागदावर ‘कोण’ असं लिहिलं, दुसऱ्यावर ‘काय’. बसवंतच्या पत्रातली एकेक गोष्ट उचलून ती या नाहीतर त्या कागदावर टाकायला लागली. माल, मशीन, गाव, कामगारांची संख्या, महिना, धमकी, हे सगळं ‘कोण’मध्ये गेलं. दिवस किती कमी झाले, कशामुळं झाले, कसं मोजलं, हे ‘काय’मध्ये. लिहिता लिहिता तिच्या लक्षात आलं की, वाचणाऱ्याला विश्वास वाटायला ‘कोण’ लागतच नाही. त्याला लागतं ते मोजमाप. अमुक इतके दिवस म्हणजे कधीपासून कधीपर्यंत, किती ऑर्डरींची सरासरी, आणि काय जमलं नाही.

सेहेचाळीस आणि अठरा हे आकडे ज्यानं त्या ऑर्डरी दिल्या तो ओळखू शकला असता, म्हणून तिनं ते आठवड्यांत सांगितले. खोटं केलं नाही, फक्त अंगावरची खूण काढली. तासाभरात मजकूर तयार झाला. तो इंग्रजीत होता. मराठीत सांगायचं तर असा:

‘धातूचे सुटे भाग बनवणारा एक लहान कारखाना. ऑर्डर मिळाल्यापासून माल पाठवेपर्यंत सरासरी साडेसहा आठवडे लागत, आता अडीच लागतात. काम सुरू होण्यापूर्वीच्या तीन महिन्यांतल्या सर्व ऑर्डरी आणि नंतरच्या तीन महिन्यांतल्या सर्व ऑर्डरी यांची ही तुलना आहे. सोयीच्या निवडलेल्या नाहीत. दोन्ही वेळच्या ऑर्डरी साधारण सारख्याच होत्या. नवं यंत्र घेतलं नाही. तीन गोष्टी केल्या. सर्वांत गर्दीच्या यंत्रासमोर जागा झाल्याशिवाय नवं काम सुरू करायचं नाही, हा नियम. मोठ्या खेपांऐवजी लहान खेपा. आणि एक काम उतरवून दुसरं चढवायला लागणारा वेळ चार तासांवरून दीड तासावर. दुसऱ्या महिन्यात एकदा घडी विस्कटली होती, ती पुन्हा बसवायला दोन आठवडे गेले. प्रत्येक कारखान्यात इतकाच फरक पडेल असं नाही. कारखान्याच्या मालकांनी हा मजकूर वाचून प्रसिद्धीस लेखी संमती दिली आहे. त्यांची ओळख आणि त्यांच्या ग्राहकांची माहिती गोपनीय ठेवली आहे.’

ध्रुवनं वाचलं. मग खुर्ची फिरवून तिच्याकडं बघितलं. “विस्कटल्याचं कशाला लिहिलंत?” त्यानं विचारलं. मग लगेच स्वतःच म्हणाला की नको, राहू दे, त्यामुळंच खरं वाटतंय.

तिथून रिक्षा करून ती थेट कृष्णाजीमामांकडे गेली. कालचं सगळं विसरा, म्हणाली, हा दुसराच कारखाना आहे असं समजा आणि ओळखा. मामांनी तीनदा वाचलं. राजाजीनगरातल्या एकाचं नाव घेतलं. मग ते मागं घेऊन व्हाइटफील्डकडचा एक गिअरवाला सुचवला. तोही नाही वाटत म्हणून मागडी रोडवरचे दोघे भाऊ. शेवटी काल सांगितलेलं उत्तर माहीत असूनही ते म्हणाले, “यात बसवंत कुठं दिसत नाही ग. हा कोणीही असू शकेल.” रूपश्रीला हसू आवरेना. तिनं त्यांच्याच घरात त्यांच्यासाठी चहा केला.

आता राहिली सही. शुक्रवारी सकाळी बसवंतनं मजकूर वाचला तेव्हा त्याची बोटं प्रत्येक ओळीखालून सरकत होती. आपलं नाव नसलेलं आपलंच वर्णन वाचताना तो आधी गंभीर होता, मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटायला लागलं. त्यानं एकच मागणी केली. त्याच्या तोंडचं एक वाक्य तरी असावं. कुठलं, असं तिनं विचारलं. त्यानं थोडा विचार केला.

“असं लिहा, की मी आता दुपारी घरी जेवतो. सहा वर्षांत जमलं नव्हतं.”

त्या वाक्यावरून कोणी ओळखेल का, याचा तिनं विचार केला. पीण्यात दुपारी घरी न जेवणारे मालक शेकड्यांनी होते. तिनं ते वाक्य शेवटी घातलं आणि खाली ‘कारखान्याचे मालक’ एवढंच लिहिलं. बसवंतनं त्या पानावर सही केली, तारीख घातली, एक प्रत तिला दिली आणि एक आपल्या फाइलीत लावली. मग तिला फाटकापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, “सरी अक्का, राहू दे असंच. पण माझं नाव लावता येईल असं मी बघतोच.”

ती हसली आणि ते विसरून गेली.

सोमवारी वेबसाइट सुरू झाली. रूपश्री ती बघायला ध्रुवच्या ऑफिसात गेली. पान वरून खाली सावकाश उतरत होतं, आधी शीर्षक, मग ओळी, शेवटी ते जेवणाचं वाक्य. तिनं स्वतःचं नाव पडद्यावर पहिल्यांदा बघितलं आणि ध्रुवला पान पुन्हा उघडायला लावलं. तिसऱ्या दिवशी ध्रुवचा फोन आला की, तिच्या नावे पाच ई-मेल आलेत. उरलेल्या पाच सल्लागारांना मिळून दोन आले होते. पाचांपैकी तिघांनी भेटायला बोलावलं होतं. दोघांनी मात्र एकच विचारलं होतं: हा कारखाना कुठला? त्या दोघांना तिनं उत्तर पाठवलं की ते सांगता येणार नाही, पण मोजलं कसं ते दाखवायला मी आनंदानं येईन. त्यांतल्या एकानं तरीही बोलावलं.

पंधरा दिवसांनी संघटनेनं तिला पीण्यातल्या आपल्या सभागृहात तासभर बोलायला बोलावलं. शनिवारची सकाळ होती. चाळीसेक मालक आले होते. बसवंत तिसऱ्या रांगेत बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. तिनं त्याच्याकडं बघायचं टाळलं आणि फळ्यावर खडूनं यंत्रं काढून काम कसं साठतं ते समजावलं. लोक लक्ष देऊन ऐकत होते. काहीजण आपल्या डायरीत तीच चित्रं काढत होते.

मग पवनकुमार उभा राहिला. त्याचा गिअर कापायचा कारखाना होता आणि सभांमध्ये शंका काढणारा म्हणून तो प्रसिद्ध होता. त्यानं शांतपणे विचारलं की, साडेसहाचे अडीच आठवडे हे कागदावर कोणीही लिहील. असा कारखाना खरोखर आहे कशावरून? नाव सांगा, मी जाऊन बघतो.

सभागृहात कुजबुज झाली. तिघा-चौघांनी त्याला दुजोरा देत माना हलवल्या. एक नाव घेतलं की प्रश्न मिटत होता, आणि तो माणूस समोर दहा फुटांवर बसला होता.

“नाव मी सांगणार नाही,” ती म्हणाली. “तुम्ही उद्या माझं गिऱ्हाईक झालात, तर तुमचंही सांगणार नाही. विश्वास बसत नसेल तर बसू देऊ नका. तुमच्याकडच्या मागच्या दहा ऑर्डरी घ्या, आली कधी आणि गेली कधी ते लिहा. माझी गरजसुद्धा लागणार नाही.”

पवनकुमार बसला नाही. तिसऱ्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. बसवंत उठला होता. त्याच्या हातात घडी घातलेला कागद होता.

“तो कारखाना माझा,” तो म्हणाला.

रूपश्री काही बोलणार तोच त्यानं हात वर करून तिला थांबवलं. मग कन्नडमध्ये सगळ्यांना सांगितलं की, अक्कांनी माझं नाव घेतलं नाही, कारण मी ज्यांना माल देतो त्यांच्या अटीत ते बसत नव्हतं. म्हणून मी स्वतः त्यांच्या खरेदीप्रमुखाकडं गेलो. दोनदा गेलो. काल त्यांनी लेखी दिलं की, या सल्लागाराबरोबर काम केल्याचं मी माझ्या नावानं सांगू शकतो. माल कुठला आणि तो कोणाला जातो, ते मात्र सांगायचं नाही. “तेव्हा ते मला विचारू नका,” तो म्हणाला, “मी सही केलेली आहे.” ज्यांना ते आधीच ठाऊक होतं तेही हसले, पण कोणी विचारलं नाही.

कागद हातोहात फिरून रूपश्रीपर्यंत आला. कंपनीच्या नावाच्या जागी बसवंतनं कागदाचा तुकडा चिकटवला होता. खालची परवानगी मात्र स्वच्छ वाचता येत होती. तिनं ती वाचली, दुसऱ्यांदा वाचली, आणि मग तिला फळ्याकडं तोंड करून क्षणभर उभं राहावं लागलं.

पवनकुमारला तेवढ्यानं समाधान नव्हतं. तो म्हणाला, चला मग, आत्ताच बघू. कारखाना जेमतेम दीड मैलावर. बसवंत म्हणाला, यायचं तर सगळे या. लोक खरोखरच उठायला लागले. बसवंत घाईनं संघटनेच्या टेबलापाशी गेला आणि त्यानं फोन फिरवला. रूपश्री शेजारीच होती, म्हणून तिला ऐकू आलं. त्यानं आपल्या सुपरवायझरला सांगितलं की, तयार माल आणि सगळी ड्रॉइंगं मोठ्या ताडपत्रीखाली झाका, मशीनवर चढवलेला उतरवून तोही झाका, आणि स्वल्प लवकर, पाहुणे निघालेत.

अकरा स्कूटर आणि एक फियाट अशी वरात निघाली. रूपश्री बसवंतच्या मागं बसली होती. वाऱ्यानं तिची ओढणी उडत होती, आणि बसवंत दर वळणावर मागं वळून सगळे येतात ना ते बघत होता.

कारखान्यात ताडपत्रीचा एक भलामोठा ढीग एका बाजूला दिसत होता. तिकडं कोणी गेलं नाही. सगळे भिंतीवरच्या फळ्यासमोर गोळा झाले. तिथं रंगीत पत्र्याचे बिल्ले टांगलेले होते, प्रत्येक चालू कामासाठी एक. एकूण बिल्ले सात, त्यामुळं आठवं काम सुरूच होऊ शकत नव्हतं. पवनकुमारनं बिल्ले मोजले. मग रजिस्टर मागितलं. बसवंतनं ते आधी रूपश्रीपुढं धरलं. तिनं ग्राहकाच्या नावाचा रकाना कागदानं झाकून पान उघडलं आणि ‘आली’, ‘गेली’ एवढे दोनच रकाने पवनकुमारपुढं ठेवले.

तो उभ्यानंच पेन्सिलनं वजाबाकी करायला लागला. एक पान झालं, दुसरं झालं. तिसऱ्या पानावर त्यानं पेन्सिल कानाला लावली आणि रूपश्रीला विचारलं, मंगळवारी सकाळी माझ्याकडं येता येईल का.

मंगळवार आधीच दुसऱ्या कोणाला दिला होता. तिनं बुधवार सांगितला. त्याच्या मागं आणखी दोघे उभे होते, तेही वार विचारण्यासाठीच. तिनं पिशवीतून डायरी काढली आणि बसवंतच्या टेबलावरच एकेकाला वार देत लिहायला लागली.